इपॉक्सी की सिमेंट ग्राउट?

टाइलांमधल्या फटी भरायचं ग्राउट ओट्यामागच्या भिंतीला आणि बाथरूमच्या जमिनीला इपॉक्सीचंच घ्या. सिमेंट ग्राउट सच्छिद्र असतं, त्यात हळद-तेल मुरतं आणि मुंबईच्या दमटपणात काळी बुरशी धरते. बेडरूमला मात्र सिमेंटचं पुरे, उगाच पैसे घालू नका.

मिस्त्री टाइलला टाइल चिकटवायला बघेल (त्यांना तेच 'फिनिशिंग' वाटतं!). ऐकू नका. २ ते ३ मिमीचे स्पेसर लावायला सांगा. फट त्याहून बारीक असली की घट्ट इपॉक्सी तळापर्यंत जात नाही, वरवर बसतं आणि पुढे पापुद्र्यासारखं निघतं.

मे महिन्याच्या उकाड्यात इपॉक्सी लवकर आवळतं. थोडंथोडंच कालवा, लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळलेला चिकट थर सहजी निघत नाही. खालच्या फ्लॅटमध्ये गळती असेल तर ग्राउटने थांबणार नाही, टाइलखालचं वॉटरप्रूफिंगच तपासा.