एकाच बँकेतल्या तीन पावत्या, पण विम्याची मर्यादा एकच

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय 64. पत्नी 61. गावच्या नागरी सहकारी बँकेत माझ्या एकट्याच्या नावे 11 लाख आहेत. मुख्य शाखेत साडेचार आणि अडीच लाखांच्या दोन पावत्या (तीन वर्षांच्या, 14 महिने झाले, 8.25 टक्के, व्याज त्यातच साठतं), दुसऱ्या शाखेत 4 लाखांची एक पावती, ती दोन महिन्यांत संपते. त्याच बँकेत आम्हा दोघांच्या नावे 4 लाख, व्याज दर तिमाहीला मिळतं. पतसंस्थेत 10 टक्क्यांनी 8 लाख आहेत, चार-चार लाखांच्या दोन पावत्या. एक पुढच्या महिन्यात संपते, दुसरी दहा महिन्यांनी. सरकारी बँकेतल्या पेन्शन खात्यात 2 लाख. आकडे आजपर्यंतच्या व्याजासह दिलेत. एकही पावती पाच लाखांच्या वर नाही आणि सगळीकडे वारस म्हणून पत्नी आहे, म्हणजे सगळ्याला विमा आहे असं मी धरून चाललोय. मुलगा मात्र म्हणतो सगळं काढा. काय करावं?

उत्तर : मुलाची काळजी रास्त आहे, पण सगळं काढायची गरज नाही. तुमच्या 25 लाखांपैकी आज विम्याखाली आहेत फक्त 11 लाख. उरलेले 14 लाख उघड्यावर आहेत. त्यासाठी एकूण साडेसोळा लाख हलवावे लागतील आणि ते जवळपास काही न गमावता हलवता येतील.

आधी हिशेब कुठे चुकतो ते पाहू. ठेवींचा विमा डीआयसीजीसी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ, देतं. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा पाच लाखांची आहे, त्याआधी ती एक लाख होती. ही रक्कम पावतीमागे नाही आणि शाखेमागेही नाही. एका बँकेत एका ठेवीदाराची जेवढी खाती आणि पावत्या असतील, त्या सगळ्या शाखांमधून गोळा करून बेरीज होते आणि त्या बेरजेला एकदाच पाच लाखांचं संरक्षण मिळतं. मुद्दल आणि साठलेलं व्याज दोन्ही त्यातच. बचत खात्यात पडून असलेले पैसेही त्याच बेरजेत जातात. त्यामुळे तुमच्या एकट्याच्या नावावरच्या 11 लाखांपैकी 6 लाख आज उघड्यावर आहेत.

वारस लावल्याने मर्यादा वाढत नाही. तुमच्या पश्चात पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढंच वारसनोंद सांगते, ठेव तुमचीच राहते. खातेदार म्हणून नावं वेगळी असली तर मात्र फरक पडतो. तुम्ही एकटे, पत्नी एकटी, तुम्ही पहिले व पत्नी दुसरी, पत्नी पहिली व तुम्ही दुसरे, हे चार वेगळे ठेवीदार धरले जातात आणि प्रत्येकाला स्वतंत्र पाच लाख मिळतात. म्हणून तुमची संयुक्त नावाची 4 लाखांची ठेव पूर्ण सुरक्षित आहे. नावांची उलटापालट करून एका बँकेत वीस लाखांपर्यंत विमा मिळवता येतो आणि बँकेतले कर्मचारी हा मार्ग हमखास सुचवतात. नियमात तो बसतो, तरी मी तो सुचवत नाही. त्या एका बँकेवर निर्बंध आले की चारही ठेवी एकाच दिवशी अडकतात.

आता सहकारी बँकेतलं काम. दुसऱ्या शाखेतली 4 लाखांची पावती दोन महिन्यांनी आपसूक संपेल, ती तिथे परत ठेवू नका. पावतीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर आजच लेखी रद्द करा, नाहीतर संपल्याच्या दिवशी ती पुन्हा बांधली जाईल. तरी तुमच्या नावे 7 लाख उरतात, म्हणजे साडेचार किंवा अडीच यांतली एक पावती मोडावी लागेल. कोणीही लहान मोडेल, कारण नुकसान कमी. इथे मात्र मोठी मोडा. साडेचार लाखांच्या पावतीत 8.25 टक्क्यांनी व्याज साठतंय, ती आणखी सव्वा वर्षात पाच लाख ओलांडते आणि मुदत संपताना सुमारे 5 लाख 23 हजारांवर जाते. म्हणजे आज मर्यादेत असलेली ठेव काही न करता बाहेर पडेल. अडीच लाखांची मात्र शेवटी 2 लाख 90 हजारांपर्यंतच जाईल. ती राहू द्या. दोघांच्या नावाच्या ठेवीचं व्याज दर तिमाहीला बाहेर पडतं, त्यामुळे ती वाढत नाही. तीही राहू द्या.

मोडण्याचा खर्च किती? ठेव घेतली त्या दिवशी वर्षभराच्या ठेवीचा दर पावणेआठ होता आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक एक टक्का कापते असं धरलं, तर तुम्हाला पावणेसात टक्क्यांनी व्याज मिळेल. सव्वाआठ आणि पावणेसात यांतला फरक दीड टक्का. साडेचारमधलं मूळ मुद्दल अंदाजे 4 लाख 9 हजार असणार, त्यावर 14 महिन्यांचा फटका साडेसात-पावणेआठ हजारांचा. तुमच्या बँकेचे नेमके दर पावतीच्या मागे किंवा काउंटरवर मिळतील, ते टाकून आकडा पक्का करा. या बँकेचं कर्ज तुमच्या नावावर असेल, तर विम्याची रक्कम देताना थकबाकी आधी वजा होते हेही हिशेबात घ्या.

पतसंस्थेचं प्रकरण वेगळं आहे आणि माझ्या मते तेच जास्त तातडीचं. बँकांचा ठेव विमा पतसंस्थांना लागू नाही. राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असो की बहुराज्य असो, नावात बँकेसारखा शब्द असो, कर्मचारी ओळखीचे असोत, संस्था बुडाली तर डीआयसीजीसीकडून एक रुपया येत नाही. तिथले 8 लाख पाच लाखांच्या आतल्या दोन पावत्यांत असले, तरी त्यातले अर्धेही सुरक्षित नाहीत. वर्षाला 80 हजार व्याज येतं, हे आकर्षण मला कळतं. पण ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हे लिहीत असताना 8.2 टक्के मिळतात, म्हणजे 65,600 रुपये. फरक 14,400 रुपयांचा. एकदा 8 लाख गेले, तर तेवढा जास्तीचा परतावा जमवायला पंचावन्न वर्षं लागतील.

म्हणून पुढच्या महिन्यात संपणारी पावती घ्या आणि पोस्टात किंवा सरकारी बँकेत तुमच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत खातं उघडून त्यात भरा. या योजनेला सरकारची हमी आहे, त्यामुळे पाच लाखांचा प्रश्न येत नाही. ठेवण्याची मर्यादा 30 लाख. पाच वर्षांची मुदत आहे आणि लवकर बंद केलं तर कापणी होते, तेव्हा अडीअडचणीचे पैसे इथे नकोत. दहा महिन्यांनी संपणाऱ्या दुसऱ्या पावतीसाठी आत्ताच मुदतपूर्व परताव्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चार-आठ दिवसांत पूर्ण रक्कम खात्यात आली तर उत्तम, थोडं व्याज कमी झालं तरी ते सोडा. "पुढच्या आठवड्यात या", "निम्मे आता, निम्मे नंतर", "व्याज घ्या, मुद्दल पुन्हा ठेवा, दर वाढवून देतो" असं सुरू झालं तर संस्थेकडे रोकड नाही हे समजा. मग वाट पाहू नका. त्या अर्जाची पोच जोडून तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे तक्रार द्या. संस्थेचा लेखापरीक्षण वर्ग आणि थकीत कर्जाचं प्रमाण वार्षिक अहवालात असतं, सभासद म्हणून तो मागा. वर्ग चांगला आला म्हणून पैसे तिथे ठेवावेत असं मात्र नाही.

हे दोन्ही 4 लाख मिळून 8 लाख बचत योजनेत गेले. सहकारी बँकेतून आलेले साडेआठ लाख उरतात. त्यांचे दोन भाग करा, 4 लाख 25 हजार तुमच्या नावे एका बँकेत आणि तेवढेच पत्नीच्या एकटीच्या नावे दुसऱ्या बँकेत. पेन्शनची बँक सोडून. दोन्हीकडे व्याज दर तिमाहीला बाहेर पडेल अशी ठेव घ्या, म्हणजे बेरीज पाच लाखांच्या खाली राहील. लघु वित्त बँक थोडा जास्त दर देत असेल तर जायला हरकत नाही, तिथल्या ठेवीलाही हाच विमा आहे. फक्त ती विमाधारक बँकांच्या यादीत आहे ना, हे डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर नावानिशी पाहून घ्या. पत्नीच्या नावे पैसे तुमच्याच कमाईतले असल्याने ते व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल. विवरणपत्र भरताना ते दाखवायला विसरू नका.

विमा असूनही पैसे लगेच हातात येत नाहीत. पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी 2025 मध्ये निर्बंध आले, तेव्हा पहिले दोन आठवडे काहीच काढता आलं नाही, मग 25 हजारांची मुभा मिळाली. 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. बँकेने 45 दिवसांत ठेवीदारांची यादी पाठवायची, महामंडळाने 30 दिवसांत तपासायची आणि पुढच्या 15 दिवसांत पैसे द्यायचे. बँकेच्या विलीनीकरणाची शक्यता असेल तर हा काळ आणखी 90 दिवस लांबू शकतो. पाच लाखांवरच्या रकमेचं काय होतं तेही पीएमसीच्या ठेवीदारांनी पाहिलं. 2022 च्या विलीनीकरण योजनेत मोठ्या ठेवींचे उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत, द्यायचं ठरलं.

या तीन ते सहा महिन्यांची सोय आधी करून ठेवा. पेन्शन खात्यातले 2 लाख तिथेच असू द्या, त्यातून घरखर्च चालेल. सगळ्या ठेवींचं तिमाही व्याज, सहकारी बँकेतलं धरून, याच खात्यात वळवा, म्हणजे निर्बंध येऊ शकतील अशा बँकेत व्याज साचणार नाही. निर्बंध आल्यावर विम्यासाठी संमतीपत्र, ओळखपत्राची प्रत आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. ज्यांची केवायसी जुनी असते किंवा पावतीवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही, त्यांचे दावे यातच रखडतात. संयुक्त ठेवीत पत्नीचं नाव माहेरच्या आडनावाने नोंदलं गेलंय का ते पाहा आणि तसं असेल तर दुरुस्तीचा अर्ज पावती मोडायला जाल त्याच दिवशी देऊन या.