पाकीट उलटं करून मागची अक्षरं वाचा

"सासऱ्यांना तीन दिवस सर्दी-ताप आहे. दिवसा गोळ्या घेतात, रात्री गरम पाण्यात ब्रँडी, मध नि मिरी. रोज दोन पेगची सवय आहेच. चालेल का?"

नाही, चालणार नाही. ब्रँडी आजच थांबवा आणि गोळ्यांची पाकिटं उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. देवगडात मी तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. घोळ बहुतेक वेळा तिथेच सापडायचा.

सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम असतंच, शिवाय नाक गळणं थांबवणारं क्लोरफेनिरामिन. तापाची वेगळी गोळी म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉल, ६५०. दोन्ही दिवसातून तीनदा घेतल्या तर १५०० आणि १९५०, म्हणजे ३४५० मिलिग्रॅम झाले. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. रोज पिणाऱ्याला डॉक्टर बरेचदा २००० च्या वर जाऊ देत नाहीत.

कारण असं की पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी होतो, आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ तो निकामी करतो. रोजच्या दारूने ते विष जास्त तयार होतं. त्यात तापात तोंडाला चव नसते, पेजेवर दिवस निघतो, म्हणून ग्लुटाथायोनचा साठाही आटतो. पहिल्या दिवशी फार तर मळमळ होते. ती फ्लूचीच वाटते. उजव्या बरगडीखालचं दुखणं, गडद लघवी, पिवळे डोळे हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण जास्त गोळ्या गेल्यापासून आठ तासांत दिला तर तो सर्वात चांगला लागू पडतो. म्हणून डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका.

आता झोपेचं. माझे वेंगुर्ल्याचे मामा सर्दीची गोळी घेऊन वर गरम पाण्यातून फेणी प्यायले. रात्री लघवीला उठले नि पडवीच्या पायरीवरून खाली आले. मनगट मोडलं. क्लोरफेनिरामिनची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते आणि दारू ती वाढवते. सासरे स्कूटर चालवत असतील किंवा होडीवर जात असतील तर गोळी चालू असेपर्यंत तेही नको.

"ब्रँडीने ऊब येते" हे त्यांना खरंच जाणवतं, कारण कातडीकडे रक्त धावतं. पण त्यानेच अंगातली उष्णता बाहेर जाते. घसा मोकळा होतो तो वाफेने नि मधाने. तेव्हा तोच पेला द्या: गरम पाणी, मध, मिरी, लिंबू. फक्त ब्रँडी नको.

ते हल्ली लावणीच्या चिखलात उतरले होते का? तसं असेल तर लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाची, तपासणी आजच करून घ्या. तो तापही यकृतावर जाऊ शकतो.

आणि दारू थांबवल्यावर हात थरथरले, दरदरून घाम आला किंवा ते बरळायला लागले, तर घरी झाकून ठेवू नका. दवाखान्यात न्या, आणि रोज किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा. दोन्ही पाकिटंही सोबत न्या.