नऊ हजारांच्या पगारावर शेळ्या घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या दुकानातली नऊ हजारांची नोकरी सोडून, दीड लाखाचे कर्ज काढून वीस शेळ्या घेण्याचा तुझा विचार पत्रातून कळला. शेळीपालनाला माझा विरोध नाही, पण सगळे घर त्या एकाच धंद्यावर टाकायला मात्र ठाम विरोध आहे.

आधी हप्ता पाहा. बारा टक्के व्याजाने तीन वर्षांत फेड करायची तर महिन्याला सुमारे पाच हजार भरावे लागतील. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा असतो आणि करडू विकण्याजोगे व्हायला पुढे आणखी सहा ते नऊ महिने जातात. म्हणजे पहिली खरी रक्कम हाती येईपर्यंत वर्ष उलटते आणि तोवर साठ हजार रुपये नुसत्या हप्त्यांत गेलेले असतात. अशा ओढाताणीत माणूस गाभण शेळीच बाजारात नेतो आणि धंदा तिथेच मोडतो.

म्हणून नोकरी ठेव, साठवलेल्या पैशातून तीनच शेळ्या घे आणि संध्याकाळी पंखे व मिक्सर दुरुस्तीचे काम कर. ते तुला येते. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, काही कपॅसिटर आणि कार्बन ब्रश एवढ्यावर सुरुवात होते. मंद फिरणाऱ्या पंख्याचा कपॅसिटर बदलायला अर्धा तासही लागत नाही आणि पैसे त्याच दिवशी मिळतात. अशाने पगारावर घर चालेल, दुरुस्तीतून चारा आणि औषध निघेल, आणि करडांची रक्कम एकरकमी शिल्लक राहील.

तू पंपाच्या जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग भरण्याचेही लिहिले आहेस. त्यात मजुरी जास्त मिळते हे खरे, पण त्यावर विसंबू नकोस. दुष्काळात विहिरी आटल्या की मोटारी बंद पडून राहतात, त्याच महिन्यांत चारा महागतो आणि सगळेच शेळ्या विकायला काढतात म्हणून भावही पडतो. एकाच संकटाने दोन्ही बुडत असतील, तर ती कमाई दोन ठिकाणची म्हणता येणार नाही. घरातला मिक्सर मात्र दुष्काळातही बिघडतो.

पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस आणि पशुवैद्य सांगतील तेव्हा पीपीआरची लस चुकवू नकोस. तीन शेळ्यांतली एक गेली तरी तिसरा हिस्सा गेला.

वहीत दुरुस्तीचे आणि शेळ्यांचे पान वेगळे ठेव, आणि रोख व उधारी यांची सरमिसळ करू नकोस. दुरुस्तीची उधारी महिन्याच्या कमाईच्या चौथ्या हिश्शाहून वर गेली, तर ज्या घरची बाकी आहे त्या घरचे नवे काम ती आल्याशिवाय घेऊ नकोस. चौथे काम अंगावर घेऊ नकोस, कारण नोकरीनंतर तुझ्या हाती रोजचे तीन-चार तासच उरतात. शेळ्या वाढवायच्या त्या घरच्याच पाठी, म्हणजे मादी करडे, राखून. सहा झाल्या आणि एक उन्हाळा चारा विकत घेऊनही वहीत शिल्लक दिसली, की कर्जाविषयी मला पुन्हा लिही.

तुझा,
काका