रशियन पेशंटबरोबर दुभाष्या म्हणून जाताना

प्रश्न: माझं रशियन बरं आहे, पण मेडिकलचं नाही. ओळखीच्या हॉटेलवाल्याने उद्या त्याच्या रशियन पाहुण्याबरोबर मुंबईतल्या एका हॉस्पिटलात यायला सांगितलंय. लक्षणं नीट कशी सांगायची? फॉर्मवर मी सही करायची का? पेशंटने मलाच सल्ला विचारला तर?

उत्तर: कठीण शब्दांची फार धास्ती घेऊ नका, ते विचारून घेता येतात. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द.

कुलाब्याला उतरलेल्या साठीच्या एका आजोबांबरोबर मी गेलो होतो. सकाळपासून जळजळ होत होती. कुठे, तर ‘पोद लोझेच्कोय’, शब्दशः ‘चमच्याखाली’. म्हणजे छातीचं मधलं हाड संपतं त्याच्या खालचा खळगा. मी ‘पोटात दुखतंय’ म्हणून मोकळा झालो असतो तर डॉक्टरांनी कदाचित ॲसिडिटीच धरली असती. पण हार्ट अटॅकचं दुखणं कधीकधी नेमकं तिथेच जाणवतं. म्हणून मी त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगितलं आणि डॉक्टरांना जागेचं वर्णन जसंच्या तसं दिलं. निदान आपण करायचं नाही.

मग पूर्वीचे आजार. आजोबा म्हणाले, जानेवारीत ‘अंगिना’ झाला होता. मी तोंड उघडायच्या आत रेसिडेंट डॉक्टरांनी केसपेपरवर ‘अंजायना’ लिहूनही टाकलं! रशियनमध्ये अंगिना म्हणजे टॉन्सिल सुजून घसा धरणं. हृदयाच्या अंजायनाला ते ‘स्तेनोकार्दिया’ म्हणतात. मी हात वर करून म्हटलं, “डॉक्टर, हे मी दुभाष्या म्हणून बोलतोय. या शब्दाचा अर्थ वेगळा असू शकतो, त्यांना विचारू का?” विचारलं, तर घसाच निघाला, आठवडाभर अँटिबायोटिक घेतलेला. पेशंटचा एखादा शब्द तुम्हाला वगळून थेट डॉक्टरांपर्यंत पोहोचला, की तिथेच थांबवा. ताप सांगताना ‘३८’ आला तर ‘सेल्सियस’ जोडा, आपल्याकडे अजून बरेच जण फॅरनहाइटमध्येच बोलतात. हातापायांचं मात्र बरंय: रशियन ‘रुका’ आपल्या ‘हाता’सारखाच खांद्यापासून बोटांपर्यंत पसरलेला. इंग्रजीत सांगताना तेवढं मनगट की दंड हे विचारून घ्यायचं.

ईसीजीत बदल दिसले आणि अँजिओग्राफी ठरली. फॉर्म इंग्रजीत, दोन पानी. सिस्टर मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाल्या, “अहो दादा, सांगा ना त्यांना, रूटीन आहे, सही करून टाका म्हणावं.” आपली भाषा बोलणारा दिसला की माणूस त्याला आपल्या बाजूचा धरतो, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी म्हटलं, “ताई, हेही मला त्यांना सांगावं लागेल.” आत शिरतानाच मी दोन्हीकडे सांगून ठेवलं होतं की खोलीत बोललेलं सगळं मी दुसऱ्या भाषेत सांगणार, आणि ‘मी’ म्हणेन तेव्हा तो पेशंटचा ‘मी’ असेल. हे एक वाक्य आधी बोलून ठेवा, पुढचा निम्मा संकोच वाचतो.

फॉर्म सारांशाने सांगू नका, ओळ न् ओळ वाचा. धोक्यांच्या यादीत ‘स्ट्रोक’ होता. रशियनमध्ये तो ‘इन्सुल्त’, हार्ट अटॅक म्हणजे ‘इन्फार्क्त’. घाईत यांची अदलाबदल होते. शेवटी बारीक अक्षरात होतं की गरज वाटल्यास त्याच वेळी अँजिओप्लास्टीही केली जाईल. आजोबा तिथे अडले. “तू असतास तर सही केली असतीस?”

जीव कासावीस होतो अशा वेळी, खोटं कशाला बोलू. पण मी प्रश्न तसाच डॉक्टरांना दिला: “पेशंट मला विचारतायत, मी सही केली असती का.” डॉक्टर खुर्ची ओढून बसले. तपासणी म्हणजे काय, स्टेंट म्हणजे काय, न केलं तर काय, हे त्यांनी दहा मिनिटं समजावलं. सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात म्हटलंय, की तपासणीला दिलेली संमती उपचाराची संमती ठरत नाही. सुरुवातीलाच दोन्हीची संमती एकत्र घेता येते, पण पेशंटला ते कळलेलं हवं. आजोबांनी तपासणीला हो म्हटलं आणि स्टेंटआधी मला विचारा म्हणाले. अँजिओग्राफीत पेशंट सहसा जागाच असतो, त्यामुळे ते शक्य होतं. डॉक्टरांनी फॉर्मवर तसं हाताने लिहिलं, ते मी पुन्हा वाचून दाखवलं आणि मग सही झाली.

तुमची सही साक्षीदाराच्या जागी नको, नातेवाइकाच्या तर नकोच. दुभाष्यासाठी रकाना नसेल तर खाली लिहा: ‘हा मजकूर मी पेशंटला रशियनमध्ये पूर्ण वाचून दाखवला’, मग नाव, तारीख, वेळ. ‘पेशंटला समजला’ असं लिहू नका. समजला की नाही ते डॉक्टरांनी पेशंटकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यायचं, आणि ते शब्द तुम्ही डॉक्टरांना सांगायचे.