फार्मासिस्टच्या कामाचं रिसर्चच्या भाषेत काय होतं? (रेझ्युमेमधल्या वरच्या पाच ओळी)

प्रश्न: मी ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये 5 वर्षं फार्मासिस्ट आहे, बी.फार्म. आता क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरसाठी अप्लाय करतेय. समरीमध्ये "औषध वितरण, साठा व्यवस्थापन आणि रुग्ण समुपदेशनाचा 5 वर्षांचा अनुभव" असं लिहिलंय, पण एकही कॉल नाही. ट्रायलचा अनुभव शून्य. काय लिहू?

उत्तर:

तुमची ओळ खोटी नाही, पण ती वाचून समोरच्याला कळत नाही की तुम्ही गोळ्या मोजून देत होता की गोळी देण्याआधी काहीतरी तपासत होता. रिसर्चवाल्याला फक्त दुसऱ्या गोष्टीत रस असतो. मी पण हॉस्पिटल फार्मसीतूनच आलोय, आधी ठाण्यात, नंतर ट्रान्सहार्बरची गाडी पकडून नवी मुंबईत, आणि माझ्या पहिल्या रेझ्युमेत मी उलटी चूक केली होती. "ट्रायल ड्रगचं व्यवस्थापन केलं" असं ठोकून दिलं होतं, कारण आमच्याकडे एका ट्रायलची औषधं फार्मसीच्या फ्रिजमध्ये ठेवलेली असायची. इंटरव्ह्यूमध्ये बाईंनी एकच विचारलं, "डेलिगेशन लॉगवर तुमची सही होती का?" नव्हती. ट्रायलमध्ये कोणतं काम कोणाकडे सोपवलंय याची यादी असते, त्यावर मुख्य डॉक्टर म्हणजे इन्व्हेस्टिगेटर सही करतो, तुमचं नाव त्यात नसेल तर तुम्ही ते काम केलंच नाही असं धरतात. पुढची दहा मिनिटं मी फक्त घाम पुसत होतो.

म्हणून काम तेच लिहायचं जे तुम्ही खरंच केलंत, फक्त त्या कामाचा कोणता भाग रिसर्चमध्ये कशाला म्हणतात ते दाखवायचं. एक केस घेऊन सांगतो, अशी केस कुठल्याही हॉस्पिटल फार्मासिस्टला दर महिन्याला भेटते.

वॉर्डातून ऑर्डर आली, 72 वर्षांच्या आजी, वजन 54 किलो, एनोक्सापॅरिन 60 मिलिग्राम दिवसातून दोनदा. वजनाच्या हिशेबाने बरोबर वाटतं, किलोला साधारण 1 मिलिग्राम. पण सकाळचं क्रिएटिनिन 1.9 आलंय. तुम्ही कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने काढता: 140 वजा 72 म्हणजे 68, गुणिले 54 म्हणजे 3672, भागिले फॉर्म्युल्यातला ठरलेला 72 गुणिले 1.9 म्हणजे 136.8, उत्तर 26.8, बाई आहेत म्हणून गुणिले 0.85, झाले जवळपास 23. 30 च्या खाली गेलं की या औषधाचा उपचाराचा डोस दिवसातून एकदाच देतात. तुम्ही वॉर्डला फोन केलात, डॉक्टरांनी ऑर्डर बदलली, इंजेक्शन एकदाच गेलं, आजींना काही झालं नाही.

हे तुमच्या समरीत "प्रिस्क्रिप्शन तपासली" एवढंच येतं. रिसर्चच्या नजरेनं यात चार वेगळी कामं आहेत. डोस द्यायच्या आधी ताजा लॅब रिपोर्ट पाहिला, म्हणजे मूळ नोंदीवरून खात्री केली (तिकडे मूळ नोंदीला सोर्स डॉक्युमेंट म्हणतात). ठरलेल्या फॉर्म्युल्याने किडनीचं काम काढलं, हे तर ट्रायलमध्ये रोजचं आहे कारण पात्रतेची अट पुष्कळदा याच आकड्यावर असते आणि कोणता फॉर्म्युला, कोणतं वजन वापरायचं हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं असतं, तिथे दुसरा फॉर्म्युला लावून पेशंट घेतला तर डेव्हिएशन, म्हणजे प्रोटोकॉल मोडला. तिसरं, विसंगती दिसल्यावर डॉक्टरांना विचारलं. आणि चौथं, कोणी विचारलं, किती वाजता, काय ठरलं, हे लिहून ठेवलं. लिहिलं होतं ना? नसेल तर हे चौथं समरीत टाकू नका, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच असतो.

इथे दोन ठिकाणी लोक घसरतात. पहिलं म्हणजे "डोस बदलला" असं लिहितात. हॉस्पिटलमध्ये आपल्याला सवय असते, डॉक्टर फोनवर "हो हो, करा" म्हणतात आणि आपण करतो. ट्रायलमध्ये फार्मासिस्ट स्वतःच्या अकलेने डोस बदलत नाही, ब्रँड बदलत नाही, एक किट संपलं म्हणून शेजारचं उघडत नाही. सिस्टमने जो किट नंबर दिला तोच त्या पेशंटला. डोस कमी करायचा तर प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलेलं हवं आणि निर्णय इन्व्हेस्टिगेटरचा. म्हणून "डोसमधली विसंगती ओळखून डॉक्टरांच्या लेखी निर्णयानंतरच औषध दिलं" असं लिहा.

दुसरी घसरण जास्त महाग पडते. वरच्या केसला लोक "ॲडव्हर्स इव्हेंट हाताळला" असं लिहितात. अहो, इव्हेंट घडलाच नाही! चूक पेशंटपर्यंत पोचायच्या आधी अडली, याला निअर मिस म्हणतात, औषधांच्या चुकांच्या नेहमीच्या ए ते आय वर्गीकरणात हा बी. आजींना दोन वेळा डोस जाऊन नाकातून रक्त आलं असतं तर तो ॲडव्हर्स इव्हेंट, आणि त्यामुळे हॉस्पिटलमधला मुक्काम वाढला असता तर सिरियस. सिरियस म्हणजे तीव्र नव्हे हे पण आपल्या लोकांना लवकर पचत नाही. कितीही भयंकर डोकं दुखलं तरी पेशंट घरीच बरा झाला तर तो तीव्र आहे, सिरियस नाही. सिरियस ठरतं परिणामावरून: मृत्यू, जिवाला धोका, ॲडमिशन किंवा वाढलेला मुक्काम, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष. ट्रायलमध्ये असं घडलं तर 2019 च्या नियमांप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने 24 तासांत केंद्रीय औषध नियंत्रक, एथिक्स कमिटी आणि स्पॉन्सर, म्हणजे ट्रायल करवून घेणारी कंपनी, तिघांनाही कळवायचं असतं, आणि कारणमीमांसेसह रिपोर्ट 14 दिवसांत. हा फरक तुम्हाला माहिती आहे हे समरीतल्या एका ओळीवरून दिसतं. तुम्ही जर हॉस्पिटलमध्ये एडीआर फॉर्म भरून फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामकडे पाठवले असतील तर ते मात्र नक्की वेगळं लिहा, आकड्यासकट, तीन असतील तर तीन. ऐरोली-घणसोलीच्या बाजूला ड्रग सेफ्टीच्या डेस्कवर अर्ज करायचा झाला तर हीच ओळ सगळ्यात वर घ्या.

आता रजिस्टरबद्दल, कारण मला वाटतं तुमची खरी ताकद तिथे आहे आणि तुम्ही तिचा उल्लेखच केला नाही. शेड्यूल एच-1 चं रजिस्टर तुम्ही भरताच. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते 3 वर्षं जपायचं. ट्रायलमधला ड्रग अकाउंटेबिलिटी लॉग हा त्याचाच कडक भाऊ. फरक एवढाच की तिथे परत आलेल्या गोळ्या पण मोजतात, रिकाम्या स्ट्रिपा सुद्धा. समजा पेशंटला 70 गोळ्या दिल्या, 30 दिवसांत रोज 2 म्हणजे 60 जायला हव्या होत्या, परत आल्या 16. म्हणजे घेतल्या 54, अनुपालन 90 टक्के. आणि 16 ऐवजी 10 च यायला हव्या होत्या, मग या 6 का उरल्या हे पेशंटला विचारून लिहायचं, आपल्या मनाने "विसरला असेल" लिहायचं नाही. वॉर्डचे रिटर्न मोजून आलेल्या मालाचा हिशेब जुळवणाऱ्याला हे काम दोन दिवसांत जमतं, फक्त सवयी सुटाव्या लागतात. आपल्याकडे आकडा चुकला की त्यावरच गिरवतात, नाहीतर व्हाइटनर. तिकडे एक सरळ रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर दिसला तर मॉनिटर, म्हणजे स्पॉन्सरकडून नोंदी तपासायला येणारा माणूस, पुढे काय विचारेल ते विचारू नका.

फ्रिजचं थोडक्यात. 2 ते 8 डिग्रीचा चार्ट तुम्ही रोज दोनदा भरत असाल. पण "तापमान नोंद ठेवली" यात काही नाही, ती तर सगळेच ठेवतात, काही जण संध्याकाळी बसून आख्ख्या आठवड्याची एकदम ठेवतात. लाइट गेल्यावर 9.6 दिसलं तेव्हा काय केलंत ते लिहा. माल बाजूला काढून वेगळा ठेवला, वापर थांबवला, किती वेळ वर होतं ते काढलं, कंपनीला विचारलं, उत्तर आल्यावर ठेवायचा की टाकायचा ते ठरलं. ट्रायलमध्ये अगदी हेच होतं, फक्त कंपनीच्या जागी स्पॉन्सर आणि उत्तर लेखी. फ्रिज परत 5 वर आला म्हणून माल गुपचूप आत सरकवणारे इथेच पकडले जातात, कारण डेटा लॉगर सगळं सांगतो.

आता तुमची समरी. इंग्रजीत तुम्ही करा, आशय असा ठेवा:

"हॉस्पिटल फार्मासिस्ट, 5 वर्षं. औषध देण्याआधी लॅब रिपोर्ट, किडनीचं कार्य, ॲलर्जी आणि इतर औषधं मूळ नोंदींवरून पडताळते, विसंगती डॉक्टरांकडे लेखी नोंदवून निर्णयानंतरच औषध देते. निअर मिस आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद व रिपोर्टिंग. शेड्यूल एच-1 आणि कोल्ड चेन औषधांचा पावती ते परतावा हिशेब, तापमान बिघाडात माल वेगळा ठेवण्याची प्रक्रिया. जीसीपी प्रशिक्षण पूर्ण. ट्रायलच्या औषधावर प्रत्यक्ष काम केलेलं नाही, हिशेब आणि सुरक्षा तपासणीचा अनुभव साइटवर वापरू इच्छिते."

शेवटची ओळ काढावीशी वाटेल, माहितीये. ठेवा. ती वाचून कोणी तुम्हाला बाद करत असेल तर ते इंटरव्ह्यूच्या तिसऱ्या प्रश्नाला पण केलंच असतं. जीसीपीची, म्हणजे ट्रायल चालवायच्या आंतरराष्ट्रीय नियमांची, ओळ मात्र सर्टिफिकेट हातात आल्यावरच टाका, आणि कोर्स निवडताना तो या नियमांच्या ई6 आर3 आवृत्तीवर आहे का बघा, ही आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये ठरली, बरेच जुने कोर्स अजून आर2 च शिकवतात.

आकड्यांबद्दल एक राहिलं. "दिवसाला 200 प्रिस्क्रिप्शन" असं अंदाजे ठोकू नका. एक साधा आठवडा धरा, सात दिवस दर ड्यूटीला वहीत दोनच आकडे लिहा, किती ऑर्डर तपासल्या आणि त्यातल्या कितींवर डॉक्टरांना फोन केला. दुसरा आकडा छोटा असतो, चार-पाच सुद्धा असेल, पण इंटरव्ह्यूमध्ये बोलणं त्याच्यावरच होतं, म्हणून त्यातल्या दोन केसेस पेशंटचं नाव काढून लिहून ठेवा, म्हणजे 'एखादी सांगा' म्हटल्यावर आठवत बसावं लागणार नाही. मला ती आजींची विचारली होती, 0.85 ने गुणायला विसरलो नव्हतो तेवढंच.