लोन कधीच फिटलं, पण आरसीवर बँक अजून बसलीय

*"वकीलबाय, माझी गाडी 2014 ची, फोंड्याचं पासिंग. लोन 2019 ला फेडलं, बँकेने एनओसी दिली ती कपाटातच राहिली. आता कुडचड्याचा एक जण 2 लाख 60 हजारांना घेतोय, 20 हजार टोकन दिलंय, चवथीआधी गाडी पाहिजे म्हणतो. पण आरसीवर अजून बँकेचं नाव आहे, ती बँक 2020 ला दुसऱ्या बँकेत मर्ज झाली आणि एनओसीवर मुदत 90 दिवस छापलीय. नवीन बँक म्हणते जुनं रेकॉर्ड शोधायला लागेल. घेणारा म्हणतो फॉर्मवर सह्या करून द्या, बाकी माझा एजंट बघेल. आणि बँकेला दिवसाला 5 हजार दंड असतो म्हणे, तो मला मिळेल का?"*

भाऊ, पहिलं म्हणजे सह्या केलेले मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 आणि गाडीची चावी एकदम कुणाच्या हातात देऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असू दे. ट्रान्सफर होईपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टात 2018 ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ही केस झाली, त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत गेलेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलेलं, मग अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे आरसीवर बँकेचं नाव असेपर्यंत तिच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलतच नाही, मग एजंट तरी काय बघणार.

आता तुमची एनओसी. मुदत संपली ती त्या कागदाची, लोन फिटलं ते फिटलंच. त्यामुळे बँकेकडे काही नव्याने सिद्ध करायचं नाही, फक्त ताजं पत्र मागायचं. पण काउंटरवर तोंडी विचारत बसलात तर "पुढच्या आठवड्यात या" हेच ऐकाल, म्हणून ब्रँच मॅनेजरच्या नावाने अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का नि तारीख घ्या. मजकूर साधाच:

*"माझं वाहन क्र. ..., चासी क्र. ..., इंजिन क्र. ..., लोन खातं क्र. ... हे दि. ... रोजी पूर्ण फेडून बंद झालं आहे. आरसीवर आपल्यात विलीन झालेल्या बँकेचं नाव आहे. कृपया आरटीओच्या नावाने नवीन एनओसी द्यावी, त्यात जुन्या आणि नव्या दोन्ही बँकांची नावं असावीत, आणि बोजा काढायच्या फॉर्म 35 च्या दोन प्रतींवर सही-शिक्का द्यावा."*

सोबत जुनी एनओसी आणि आरसीची झेरॉक्स जोडा. रेकॉर्ड मिळत नाही म्हणाले तर शेवटच्या हप्त्याचं स्टेटमेंट द्या आणि क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात ते खातं "Closed" दिसलं की बँकेला फार बोलायला उरत नाही.

दोन्ही नावांचा हट्ट एवढ्यासाठी की आरटीओवाला आरसीवरचं नाव आणि पत्रावरचं नाव जुळवून बघतो. माझ्याकडे एकांचं काम नुसत्या चासी नंबरात 8 च्या जागी 3 टाइप झाला म्हणून परत आलेलं, पुन्हा बँक, पुन्हा सही, सगळं पहिल्यापासून. म्हणून पत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून आरसीशी एकेक आकडा ताडून बघा.

5 हजारांचं मात्र विसरा. आरबीआयचा तो नियम सप्टेंबर 2023 चा आहे, लोन फिटल्यावर 30 दिवसांत कागद द्यायचे आणि बोजा काढायचा, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000. पण तो 1 डिसेंबर 2023 पासून पुढच्या प्रकरणांना लागतो, तुमचं लोन 2019 चं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा बँकेने कागद दिलाच होता, तो आरटीओत नेला नाही तो तुम्ही. आता नव्या अर्जावर टोलवाटोलवी झाली तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्या, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जा, फी नाही.

कागद आले की parivahan.gov.in वर आधी एचपी म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा काढायचा अर्ज करा आणि आरसीवरून बँकेचं नाव गेल्याचं बघूनच ट्रान्सफरला हात घाला. घेणाऱ्याला हे आजच सांगा आणि टोकनच्या पावतीवर दोघांच्या सहीने लिहून घ्या की बाकी 2 लाख 40 हजार आणि गाडीचा ताबा एचपी निघाल्यावर, आणि अमुक तारखेपर्यंत नाही निघाली तर टोकन परत. चवथीचं वचन देऊ नका, बँक किती दिवस लावेल ते तुमच्या हातात नाही. गाडी दिलीत त्या दिवशी डिलिव्हरी नोटवर नुसती तारीख नको, वेळसुद्धा टाका आणि फॉर्म 29 चौदा दिवसांच्या आत आरटीओत द्या.

आणि इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघा, तिच्यावर पण बहुतेक त्याच जुन्या बँकेचं नाव असेल. एनओसीची कॉपी पाठवून कंपनीकडून ते काढून घ्या, नाहीतर मधल्या काळात गाडी ठोकली तर क्लेम त्या नावापाशी अडकेल.