नव्या मजुरांचं तासाभराचं इंडक्शन

साइटवर नवे मजूर येतात. एका तासाचं इंडक्शन कसं आखू आणि शेवटी कोणते प्रश्न विचारू?

पहिली 15 मिनिटं साइटवर फिरवा. बाहेर पडायची वाट, जमायची जागा, प्रथमोपचार पेटी प्रत्यक्ष दाखवा. पुढची 30 मिनिटं उंचीवरच्या कामाला द्या आणि प्रत्येकाला हार्नेस स्वतः घालायला लावा.

हुक कुठे अडकवायचा, इथेच घोळ होतो. समजा स्लॅब 3 मीटर उंच आहे, दोरी 1.8 मीटरची आहे आणि हुक पायाजवळ अडकवलाय. पाठीवरची कडी पायापासून साधारण 1.5 मीटर वर असते. म्हणजे दोरी ताणली जाईपर्यंत माणूस 3.3 मीटर खाली येतो, त्याआधीच जमिनीवर आदळतो. हे भिंतीवर खडूने काढून दाखवा. हुक डोक्याच्या वर, मजबूत आधारालाच हवा.

शेवटच्या 15 मिनिटांत तोंडी प्रश्न घ्या. लेखी नको, वाचता न येणारा शेजाऱ्याचं बघून लिहितो. ‘समजलं का?’ विचारलंत तर सगळे हो म्हणतात, म्हणून करून दाखवायला सांगा:

– इथे हुक कुठे अडकवशील?
– फळीवरचं भोक झाकलेलं नाही, आधी काय करशील?
– भोंगा वाजला, कुठे जाशील?

पहिला प्रश्न चुकला तर पुन्हा शिकवा. बरोबर येईपर्यंत वर पाठवू नका.